लेखातले इंग्रजी शब्द: कुठला ठेवायचा, कुठला बदलायचा, कसं ठरवायचं

मासिकासाठी लेख संपादनाला आला की त्यातल्या इंग्रजी शब्दांचं काय करायचं, यावर दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो सगळे काढा, दुसरा म्हणतो लोक असंच बोलतात, राहू द्या. दोन्ही सल्ले लेख समोर नसताना दिलेले असतात. प्रत्यक्ष पान समोर असलं की एकाच परिच्छेदात काही शब्द ठेवण्यासारखे असतात, काही बदलण्यासारखे, आणि काही तर नुसते काढून टाकले तरी वाक्याचं काहीच बिघडत नाही. हे कसं ओळखायचं ते मी इथे एक परिच्छेद घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो, म्हणजे नुसते नियम हवेत राहणार नाहीत.

समजा एका ग्रंथालयाने जुनी मासिकं स्कॅन करायचं काम घेतलंय आणि त्यावरचा लेख आपल्याकडे आलाय. लेखकाला विषय नीट माहीत आहे, भाषा मात्र अशी आहे:

> लायब्ररीच्या या प्रोजेक्टमध्ये आतापर्यंत जुन्या मॅगझिन्सचे हजारो पेजेस स्कॅन करण्यात आले असून त्याचा डेटा दोन वेगवेगळ्या सर्व्हरवर सेव्ह केला आहे. सुरुवातीला फंडिंगचा मेन इश्यू होता, पण एका ट्रस्टने सपोर्ट केल्यामुळे टीमने हे चॅलेंज सक्सेसफुली हँडल केले. व्हॉलंटिअर्सनी प्रत्येक इमेज चेक करून कॅटलॉग अपडेट केला. ओसीआरची ॲक्युरसी मात्र जुन्या टाइपमुळे कमी आहे.

आधी नुसती यादी करा, काही बदलू नका

पहिल्या वाचनात हात आवरायचा. दिसला शब्द की बदल असं केलं तर पहिल्या पानावर आपण कडक असतो आणि सातव्या पानावर दमलेले, मग एकाच लेखात सुरुवातीला 'प्रकल्प' आणि शेवटी 'प्रोजेक्ट' राहतो. म्हणून आधी प्रिंट काढून पेन्सिलीने सगळे इंग्रजी शब्द अधोरेखित करायचे किंवा एक साधा तक्ता करायचा: शब्द, तो लेखात किती वेळा आलाय, आणि तो ज्यात आलाय ते पूर्ण वाक्य. वाक्य लिहून घेणं कंटाळवाणं वाटतं पण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, का ते पुढे कळेल.

वरच्या परिच्छेदात असे २५ शब्द निघतात. चार वाक्यांत २५, म्हणजे वाक्याला सरासरी सहाच्या वर.

यादी करतानाच काही शब्द बाजूला काढून ठेवायचे, त्यांना हात लावायचाच नाही. संस्थेचं नोंदणी झालेलं नाव, पुस्तकाचं किंवा चित्रपटाचं नाव, आणि कोणी बोललेलं जसंच्या तसं दिलेलं वाक्य. मुलाखतीत एखादी बाई म्हणाली असेल "मी फार नर्व्हस झाले होते", तर अवतरणात ते तसंच राहतं, ती 'चिंताग्रस्त' असं बोललेलीच नाही. अवतरणातले शब्द शुद्ध करणं म्हणजे माणसाच्या तोंडी दुसऱ्याचं बोलणं घालणं, आणि हे मी फार वेळा छापून आलेलं पाहिलंय.

शब्द मराठी झालाय का: सामान्यरूपाची कसोटी

आता प्रत्येक शब्दाला पहिला प्रश्न. मराठी बोलणाऱ्यांनी त्याला आपल्या व्याकरणात घेतलंय का? हे तपासायला कोश लागत नाही, विभक्ती लावून बघायची. 'बँक' बघा: आपण 'बँकेत' म्हणतो, अनेकवचन 'बँका'. 'फाईल' ची 'फायली', 'तिकीट' ची 'तिकिटं', 'कोर्ट' चं 'कोर्टात', 'टेबल' चं 'टेबलावर', 'पेन्सिल' च्या 'पेन्सिली'. या शब्दांची रूपं अगदी 'शाळेत', 'वेली', 'घरात' सारखी होतात. शब्द आतून बदलायला लागला, त्याला मराठी लिंग मिळालं, मराठी अनेकवचन मिळालं, की तो घरचा झाला. असा शब्द केवळ इंग्रजीतून आलाय म्हणून काढायचं कारण नाही. तसं म्हणायचं तर 'चावी', 'बटाटा', 'पगार' पोर्तुगीजांकडून आलेत आणि 'अर्ज', 'वकील', 'सरकार' फारसी-अरबीतून, ते आपण कुठे काढतोय.

याउलट 'प्रोजेक्ट' ला बहुतेक लोक 'प्रोजेक्टमध्ये' असंच लावतात, शब्द जसाच्या तसा राहतो आणि शेपूट बाहेरून चिकटतं. 'फंडिंग', 'ॲक्युरसी', 'चॅलेंज' यांचंही तसंच. हे पाहुणे आहेत.

पण ही कसोटी एकाच बाजूने चालते हे नीट लक्षात ठेवा, नाहीतर फसाल. शब्द पास झाला तर तो मराठी झालाय असं खात्रीने म्हणता येतं, पण नापास झाला म्हणजे परका असं नाही. 'बस' घ्या. आपण 'बसमध्ये', 'बसने' म्हणतो, सामान्यरूप होत नाही. तरी 'बस' इतका रुळलेला शब्द दुसरा शोधायला लागेल. तर कसोटीत पास झालेल्यांना वेगळं काढा, नापास झालेल्यांना पुढच्या प्रश्नाकडे पाठवा.

याच टप्प्यावर एक गोष्ट मात्र न विचारता करायची, ती म्हणजे इंग्रजी अनेकवचनं काढायची. 'मॅगझिन्स', 'पेजेस', 'व्हॉलंटिअर्स', 'बसेस'. शब्द घेतला तरी त्याचं व्याकरण आपण उसनं घेत नाही, म्हणून 'बसगाड्या' करा किंवा 'दोन बस' असं ठेवा. अपवाद फक्त त्या शब्दांचा जे आपल्याकडे अनेकवचनातच आले आणि तेच मूळ रूप झालं, जसं 'शूज', 'चिप्स'.

जागेवर आधीच मराठी शब्द बसलाय का

दुसरा प्रश्न असा की त्या अर्थाचा मराठी शब्द वाचकाच्या जिभेवर आत्ता आहे का. कोशात आहे का असं नाही विचारत, जिभेवर आहे का. 'पेज' ला 'पान' आहे, 'चेक करणे' ला 'तपासणे' आहे, 'मेन' ला 'मुख्य', 'व्हॉलंटिअर' ला 'स्वयंसेवक', 'सेव्ह करणे' ला या वाक्यात साधं 'ठेवणे'. इथे विचार करायचं कामच नाही, बदला.

जिभेवर आहे की नाही याची शंका आली तर मी एक करतो. ते वाक्य फोनवर कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवतो, ज्याला तो विषय माहीत नाही पण जो मासिकं वाचतो. समोरचा "म्हणजे?" म्हणाला तर शब्द नापास. डोळ्याने वाचताना आपण अवघड शब्दावरून घसरत पुढे जातो, कानाला ते जमत नाही, म्हणून वाचून दाखवायचं.

'लायब्ररी' इथे मजेशीर जागा आहे. ती पहिल्या कसोटीत छान पास होते, 'लायब्ररीत', 'लायब्रऱ्या'. म्हणजे तो मराठी शब्दच झालाय. तरी औपचारिक लेखात मी 'ग्रंथालय' करतो, कारण 'ग्रंथालय' हाही जिवंत शब्द आहे, पाट्यांवर, अर्जांवर, अभ्यासक्रमाच्या नावात रोज दिसतो, आणि लेखाच्या सुराला तो जास्त शोभतो. इथे चूक-बरोबर नाहीये, सूर आहे. 'कॉलेज' आणि 'महाविद्यालय', 'ऑफिस' आणि 'कार्यालय' या जोड्यांचंही हेच: निवेदनात दुसरा, संवादात पहिला. फक्त जोडीतले दोन्ही शब्द खरंच एकाच अर्थाचे आहेत ना ते बघा. 'हॉस्पिटल' च्या जागी 'दवाखाना' घातला तर मोठी इमारत एकदम दोन खोल्यांची होते, तिथे 'रुग्णालय' हवं. आणि 'लायब्ररी' च्या जागी 'वाचनालय' घातलं तर बसून पेपर वाचायची जागा डोळ्यासमोर येते, आपल्या लेखात जुना संग्रह जपणारी संस्था आहे, म्हणून 'ग्रंथालय'.

एक इंग्रजी शब्द, चार मराठी अर्थ

आता ते वाक्य का लिहून घ्यायचं ते सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत मी एका अंकाच्या कामात `Ctrl+H` मारून सगळीकडे 'इश्यू' चा 'प्रश्न' करून टाकला होता. अंक मासिकांबद्दलच होता, त्यामुळे 'दिवाळी इश्यू' चा 'दिवाळी प्रश्न' झाला आणि मुद्रितशोधनात दुसऱ्याच्या नजरेला पडला म्हणून वाचलो. 'इश्यू' म्हणजे कधी अंक, कधी मुद्दा, कधी वाद, कधी अडचण. 'डेटा' म्हणजे कधी आकडेवारी, कधी नुसती माहिती, संगणकशास्त्राच्या लेखात 'विदा' किंवा सरळ 'डेटा', आणि आपल्या परिच्छेदात तर तो चक्क फायली या अर्थाने आलाय. म्हणून बदल शब्दागणिक होत नाही, वाक्यागणिक होतो. एकदम सगळीकडे बदल हे बटण फक्त शुद्धलेखन सारखं करायला वापरा, अर्थ ठरवायला नाही.

इथून एक फार उपयोगी गोष्ट हाती लागते. इंग्रजी शब्द बऱ्याचदा लेखकाने तिथे विचार थांबवलाय याची खूण असतो. 'ट्रस्टने सपोर्ट केला' म्हणजे नक्की काय केलं? पैसे दिले, जागा दिली, माणसं दिली, की नुसतं पत्र दिलं? 'सपोर्ट' मध्ये हे सगळं मावतं, मराठीत मावत नाही, मराठीत 'निधी दिला', 'जागा दिली', 'पाठिंबा दिला' असं ठरवावं लागतं. आणि हे संपादकाने अंदाजाने ठरवायचं नसतं. समासात लिहायचं: "सपोर्ट म्हणजे निधी का? की आणखी काही?" आणि लेख लेखकाकडे पाठवायचा. 'कॅटलॉग अपडेट केला' हेही तसंच, नवीन नोंदी घातल्या की जुन्या दुरुस्त केल्या? अंदाजाने बदललं तर मराठी शुद्ध आणि माहिती खोटी, आणि यापेक्षा मूळचा 'सपोर्ट' परवडला.

आपल्या उदाहरणात लेखकाने उत्तर दिलं असं धरू की ट्रस्टने निधी दिला आणि स्वयंसेवकांनी कॅटलॉगमधल्या अपुऱ्या नोंदी पूर्ण केल्या.

पारिभाषिक शब्द: इथे वेळ द्या

राहिले ते खरे अडचणीचे शब्द: स्कॅन, सर्व्हर, कॅटलॉग, ओसीआर, टाइप, ट्रस्ट. यांच्यासाठी मात्र कोश उघडायचे. भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झालं, त्यांनी वेगवेगळ्या विषयांचे परिभाषा कोश काढलेत आणि ते आता ऑनलाइनही शोधता येतात. दुसरा आधार मराठी विश्वकोशाचा, कारण तिथे शब्द नुसता यादीत नसतो, वाक्यात वापरलेला असतो, आणि तो वाक्यात चालतोय की अडखळतोय ते लगेच दिसतं. कोशातला शब्द मिळाला म्हणजे लगेच घ्यायचा असं नाही, तो त्या विषयातले मराठी लिहिणारे लोक खरंच वापरतात का ते बघायचं.

'कॅटलॉग' बघा. पहिला विचार येतो 'सूची'. पण ग्रंथालयशास्त्र मराठीत शिकलेल्या माणसाला विचारा, तो 'तालिका' म्हणेल, त्यांच्या विषयाचं नावच 'तालिकीकरण' आहे, आणि 'सूची' हा शब्द ते पुस्तकं-लेखांच्या विषयवार यादीसाठी वापरतात. म्हणजे 'सूची' घातलं तर सामान्य वाचकाला काही वाटणार नाही पण जाणकाराला ती चूक दिसेल, आणि 'तालिका' घातलं तर जाणकार खूश पण बाकीच्यांना तक्ता आठवेल. अशा वेळी मी जाणकारांचा शब्द घेतो आणि पहिल्यांदा आला तिथेच वाक्याच्या ओघात त्याचा अर्थ सांगतो: 'तालिकेतल्या, म्हणजे संग्रहाच्या नोंदयादीतल्या'. कंस नको, तळटीप नको. एकदा सांगितलं की पुढे लेखभर नुसतं 'तालिका'. पण ही सोय पुरवून वापरा. एका परिच्छेदात असे दोन 'म्हणजे' कसेबसे चालतात, तिसरा आला की लेख शब्दकोशासारखा वाचावा लागतो.

'टाइप' चं उत्तर मला फार आवडतं कारण तो शब्द मराठी छापखान्यांनी कधीच बनवून ठेवलाय. शिशाच्या त्या अक्षरांना 'खिळे' म्हणतात, आणि ते जुळवणाऱ्याला 'जुळारी'. हा कोणी समिती बसवून केलेला शब्द नाही, हाताने काम करणाऱ्या लोकांचा आहे. असा धंद्यातला शब्द मिळाला की तो कोशातल्या संस्कृत शब्दापेक्षा शंभरदा बरा. फक्त नुसतं 'खिळे' म्हटलं तर नव्या वाचकाला भिंतीतले खिळे दिसतील, म्हणून 'शिशाच्या खिळ्यांनी छापलेली पाने' असं लिहायचं, अर्थ आपोआप कळतो.

'स्कॅन' ला 'क्रमवीक्षण' असा शब्द सापडतो. फोनवर वाचून दाखवा, "म्हणजे?" ठरलेलं आहे, आणि समजावून सांगताना तुम्ही 'स्कॅन' च म्हणणार. ज्या शब्दाचा अर्थ सांगायला तुम्हाला मूळ इंग्रजी शब्दच लागतो तो अजून शब्द झालेला नाही, ती नुसती सांकेतिक खूण आहे. 'स्कॅन' राहू द्या. 'सर्व्हर' चंही तेच. 'ट्रस्ट' ला 'न्यास' किंवा 'विश्वस्त संस्था' आहे, लेख कायद्याबद्दल असता तर मी 'विश्वस्त संस्था' केलं असतं, इथे ओघात आलाय, राहू द्या. 'ओसीआर' ठेवा पण पहिल्यांदा उलगडून सांगा.

नवे शब्द टिकतातच असं नाही आणि टिकत नाहीतच असंही नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीतला 'महापौर' आज कोणाला नवा वाटत नाही, कारण ते पद होतं, ते सरकारी कागदावर, बातमीत, पाटीवर रोज छापलं गेलं. त्याच काळात फाउंटन पेनला सुचवलेला 'झरणी' मात्र गेला, कारण पेन आपलं नाव सांगतच लोकांच्या खिशात येऊन बसलं होतं. यातून माझ्यापुरतं मी असं धरतो की पद, संस्था, कायदा, संकल्पना यांचे मराठी शब्द निःशंक वापरावेत, ते रुळतात, आणि हातात धरायच्या वस्तूचं नाव तिच्यासोबत आलेलं असेल तर त्याच्याशी भांडू नये.

एक सापळा अजून. ऑनलाइन शोधताना बऱ्याचदा हिंदीचा पर्याय समोर येतो आणि देवनागरीत असल्यामुळे तो मराठी वाटतो. 'रिसर्च' ला 'अनुसंधान' नको, मराठीत 'संशोधन' आहे. आणि तोच 'संशोधन' हिंदीत कायद्यातल्या दुरुस्तीला वापरतात, म्हणून हिंदी मजकुरावरून आलेल्या लेखात 'कायद्यात संशोधन' असं दिसलं तर ते 'कायद्यात दुरुस्ती' करा. 'प्रावधान' नाही 'तरतूद', 'आवेदन' नाही 'अर्ज'. एक परका शब्द काढून दुसरा परका घातला तर काय मिळवलं?

आणि शब्दाचा अर्थ जवळचा आहे म्हणून चालवून घेऊ नका. याच लेखात पुढे 'डिजिटायझेशन' आलं असतं तर 'संगणकीकरण' हा पटकन सुचणारा शब्द चुकीचा ठरला असता, संगणकीकरण म्हणजे कामकाज संगणकावर नेणं, कागदावरची पानं चित्ररूपात साठवणं नाही. तिथे मी 'डिजिटलीकरण' ठेवतो. अर्धा इंग्रजी अर्धा मराठी शब्द आहे, काही लोकांना खटकतो, पण अर्थ अचूक आहे आणि वाचकाला सांगावा लागत नाही.

जे शब्द बदलायचे नाहीत, काढायचे आहेत

'सक्सेसफुली', 'ऑलरेडी', 'बेसिकली', 'ॲक्चुअली' यांना पर्याय शोधू नका. 'सक्सेसफुली हँडल केले' चं 'यशस्वीरीत्या हाताळले' झालं की मराठी झालं असं वाटतं, पण 'आव्हान यशस्वीरीत्या हाताळले' हे मराठी कपड्यातलं इंग्रजीच आहे. अडचण होती, पैसे मिळाले, काम सुरू झालं, इतकंच घडलंय. मग तेवढंच लिहा. 'चॅलेंज', 'सक्सेसफुली', 'हँडल' आणि 'टीम' हे चारही शब्द असे पर्यायाशिवाय गेले.

हेच मला या सगळ्या कामात सर्वात जास्त सांगावंसं वाटतं, की शब्द बदलायचा नसतो, वाक्य परत लिहायचं असतं. नाहीतर काय होतं ते बघा, हा त्याच परिच्छेदाचा फक्त शब्द बदललेला अवतार:

> ग्रंथालयाच्या या प्रकल्पांतर्गत आतापर्यंत जुन्या नियतकालिकांची सहस्रावधी पृष्ठे क्रमवीक्षित करण्यात आली असून त्यांची विदा दोन भिन्न सेवादायक संगणकांवर जतन करण्यात आली आहे. प्रारंभी वित्तपुरवठ्याची प्रमुख समस्या होती, परंतु एका न्यासाने समर्थन केल्यामुळे चमूने हे आव्हान यशस्वीरीत्या हाताळले.

एकही इंग्रजी शब्द नाही आणि तरी मूळ परिच्छेदच जास्त कळत होता. 'न्यासाने समर्थन केले' मध्ये पैसे दिले हे तर अजूनही कळत नाहीच.

बदल केल्यावर वाक्य मोडलंय का ते बघा

शब्द बदलला की लिंग बदलतं आणि मग आजूबाजूची विशेषणं, क्रियापदं सगळी हलतात. 'नवी पॉलिसी जाहीर झाली' मध्ये पॉलिसी स्त्रीलिंगी, 'धोरण' नपुंसकलिंगी, म्हणजे 'नवे धोरण जाहीर झाले'. हे एका वाक्यात दिसतं, पण पुढच्या वाक्यात 'ती' राहून जाते: 'नवे धोरण जाहीर झाले. ती लवकरच लागू होईल.' म्हणून प्रत्येक बदलानंतर निदान पुढची दोन वाक्यं तरी वाचा, सर्वनाम कुठे लपलंय ते बघा. आपल्या परिच्छेदात 'पेजेस स्कॅन करण्यात आले' चं 'पाने स्कॅन झाली', आणि 'त्याचा डेटा' चं 'त्यांच्या फायली'.

क्रियापद बदललं की विभक्तीही बदलते. 'सूचनेला इग्नोर केले' मधला 'ला' 'सूचनेकडे दुर्लक्ष केले' मध्ये 'कडे' होतो, 'सूचनेला दुर्लक्ष केले' असं राहिलं तर कात्री लावल्याचं लगेच दिसतं.

मग शेवटी आपला परिच्छेद असा झाला:

> ग्रंथालयाच्या या प्रकल्पात आतापर्यंत जुन्या नियतकालिकांची हजारो पाने स्कॅन झाली असून त्यांच्या फायली दोन वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवल्या आहेत. सुरुवातीला मुख्य अडचण पैशांची होती. एका ट्रस्टने निधी दिला आणि काम मार्गी लागले. स्वयंसेवकांनी प्रत्येक पानाची प्रतिमा तपासली आणि तालिकेतल्या, म्हणजे संग्रहाच्या नोंदयादीतल्या, अपुऱ्या नोंदी पूर्ण केल्या. छापील अक्षरे ओळखणारी संगणकाची यंत्रणा, म्हणजे ओसीआर, मात्र शिशाच्या खिळ्यांनी छापलेली जुनी पाने वाचताना बरीच चुकते.

२५ पैकी चार राहिले: स्कॅन, सर्व्हर, ट्रस्ट, ओसीआर. आणि गंमत म्हणजे एक नवीन आला, 'फायली', जो मूळ लेखात नव्हताच. 'डेटा' पेक्षा तो नेमका आहे आणि मराठी अनेकवचनात आहे म्हणून मी त्याला खुशाल येऊ दिला. 'ॲक्युरसी कमी आहे' चं 'बरीच चुकते' झालं, इथे 'अचूकता कमी आहे' चाललं असतं, पण नामाच्या जागी क्रियापद आलं की मराठी वाक्य मोकळं होतं, हा माझा नेहमीचा अनुभव.

राहिलेल्या शब्दांचं लेखन

जे ठेवले ते सगळीकडे सारखे लिहा. 'फाईल' की 'फाइल', 'टाईप' की 'टाइप', काहीही ठरवा पण अंकभर एकच, आणि ठरवलेलं एका यादीत लिहून ठेवा जी पुढच्या अंकालाही वापरता येईल. त्या यादीत शब्दाशेजारी एका ओळीचं कारणही लिहा, 'कॅटलॉग: ग्रंथालयाचा असेल तर तालिका, वस्तूंच्या विक्रीचा असेल तर कॅटलॉग' असं, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हीच स्वतःशी वाद घालाल.

एक बारीक तांत्रिक भानगड आहे जी खूप जणांना माहीत नसते. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, एक म्हणजे स्वतंत्र अक्षर ज्याचा क्रमांक `U+0972`, आणि दुसरं म्हणजे 'अ' टाइप करून वर चंद्र. पानावर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात पण शोध घेताना संगणकाला ते वेगळे वाटतात, त्यामुळे 'ॲप' शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले शब्द सापडत नाहीत आणि तुम्हाला वाटतं सगळे तपासून झाले. एकाहून जास्त लोकांच्या हातून गेलेल्या लेखात हे हमखास असतं. इथे मात्र `Ctrl+H` बिनधास्त वापरा, आधी सगळे एका प्रकारात आणा आणि मगच शब्द शोधायला लागा, म्हणजे खरं तर हे अगदी पहिल्या यादीच्या आधीच करून टाकलेलं बरं.

लेख लेखकाकडे परत पाठवताना नुसता बदललेला मजकूर पाठवू नका, तुमची शंकांची यादी सोबत द्या. विषय त्याचा आहे, आणि 'तालिका' की 'सूची' यावर त्याचं म्हणणं माझ्या कोशापेक्षा पक्कं असू शकतं. तो म्हणाला की आमच्याकडे सगळे 'कॅटलॉग' च म्हणतात आणि दुसरा शब्द घातला तर लोक ओळखणारच नाहीत, तर मी 'कॅटलॉग' परत घालतो आणि यादीत तशी नोंद करतो.

हे सगळं एका दहा पानी लेखाला पहिल्यांदा करताना पूर्ण दिवस जातो. तिसऱ्या-चौथ्या लेखापर्यंत यादी इतकी भरलेली असते की नवीन ठरवायचे शब्द पाच-सहाच उरतात, आणि मग सगळा वेळ त्या पाच-सहांनाच देता येतो.